दोन हजारांत तिन्ही: लॅपटॉपचा चार्जर, फोनचा चार्जर आणि केबल घेताना

प्रॅक्टिकलला आठ दिवस उरलेले असताना भाचीचा फोन आला. "मामा, लॅपटॉपचा चार्जर गेला. फोनचा पण ढिला झालाय, केबलचं तर विचारूच नका. पप्पांनी दोन हजार पाठवलेत, त्यात तिन्ही बसवायचंय." ती केगावच्या बाजूला हॉस्टेलवर राहते. मी सोलापुरातच एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे आणि मेलेले चार्जर माझ्या टेबलावर नेहमीच येऊन पडतात. तिला म्हटलं, उद्या जुना चार्जर, लॅपटॉप आणि फोन तिन्ही घेऊन ये, आणि तोपर्यंत नव्या पेठेत पाऊल टाकू नकोस. दुकानात शिरण्याआधी टेबलावर जे कळतं त्यावरच दोन हजार पुरणार की नाही हे ठरतं.

आधी नक्की काय मेलंय ते बघा

लॅपटॉपचा चार्जर म्हणजे तीन तुकडे: भिंतीपासून विटेपर्यंतची जाड वायर, मधली वीट म्हणजे अडॅप्टर, आणि विटेतून लॅपटॉपपर्यंत जाणारी बारीक वायर तिच्या पिनेसकट. पैकी पहिली वायर अडॅप्टरमधून उपसून काढता येते. तिच्या टोकाला तीन भोकं असतात, मिकी माउसच्या तोंडासारखी, म्हणून दुकानातही ती त्याच नावाने मागतात. शंभर-दीडशे रुपयांत मिळते. मैत्रिणीच्या चार्जरची ही वायर आपल्या विटेला लावून बघा. दिवा लागला तर तुमची खरेदी तिथेच संपली. कॉटच्या पायाखाली चेपून वायर आतून तुटलेली आणि पोरगा नव्या चार्जरचे हजार रुपये मोजायला निघालेला, हे मी पाहिलंय.

दुसरी जागा पिनेजवळची. तिथे वायर रोज वाकते, आतले तार एकेक करून तुटतात. पिन हलवली की चार्जिंग येतं-जातं होतं, तर वीट शाबूत आहे आणि फक्त पिनवाली वायर गेली आहे. दुरुस्तीवाला ती दोन-अडीचशेत बदलून देतो. एक मात्र बघा: एचपी आणि डेलच्या बऱ्याच चार्जरांत पिनेच्या मधोमध सुईसारखी आणखी एक बारीक पिन असते. ती लॅपटॉपला "मी इतक्या वॉटचा" असं सांगते. तिच्यासाठी आत तिसरी तार लागते. दोन तारांची वायर जोडून दिली तर वीज पोचते, पण लॅपटॉपला चार्जर ओळखू येत नाही. म्हणून जोडायच्या आधीच "तीन तारांची टाका" म्हणा.

तिसरी शक्यता बॅटरीचीच. लॅपटॉपमध्ये थोडं चार्जिंग उरलं असेल तर विंडोजमध्ये `cmd` उघडून हे टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

बॅटरीच्या अहवालाची एक फाइल तयार होते, ती कुठे ठेवली ते तिथेच दिसतं. ब्राउझरमध्ये उघडा आणि दोन आकडे शोधा: `DESIGN CAPACITY` म्हणजे नवी असताना किती मावत होतं, आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आता किती मावतं. भाचीच्या लॅपटॉपमध्ये ४१,०४० आणि २९,५०० आले, म्हणजे बहात्तर टक्के. बॅटरी ठीक. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून खाली असता तर चार्जरवर जास्त पैसे टाकताना मी दोनदा विचार केला असता.

तिची मिकी माउस वायर चांगली होती, पिनही हलत नव्हती, पण दुसरी वायर लावूनही विटेचा दिवा लागला नाही. रूममेटचा त्याच पिनेचा चार्जर लावल्यावर लॅपटॉप लगेच चार्ज व्हायला लागला. याचा अर्थ लॅपटॉपचं तोंड बरं, वीट गेली. ही पाच मिनिटांची अदलाबदल सगळ्यात खात्रीची.

टाइप-सीचा प्रश्न: यावर सगळा हिशेब फिरतो

तुमच्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असेल आणि त्यातून लॅपटॉप चार्ज होत असेल, तर तीन वस्तूंऐवजी दोनच घ्याव्या लागतात. एक पॉवर डिलिव्हरीवाला चार्जर, ज्याला सगळे पीडी म्हणतात, आणि एक सी-टू-सी केबल. लॅपटॉप आणि फोन दोन्ही त्यावर. होत नसेल तर गोल पिनेचा चार्जर घ्यावाच लागतो.

पण पोर्ट दिसला म्हणजे चार्ज होतोच असं नाही. स्वस्त लॅपटॉपांत टाइप-सी पोर्ट नुसता डेटासाठी असतो, हे सर्रास दिसतं. पोर्टाशेजारी प्लगची किंवा बॅटरीची खूण असेल तर आशा आहे. विजेची खूण एकटी असेल तर तिच्यावर विसंबू नका. लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर माहिती काढा, आणि पोर्टाच्या ओळीत `Power Delivery` लिहिलंय का ते वाचा. शेवटची परीक्षा म्हणजे मित्राचा ४५ किंवा ६५ वॉटचा पीडी चार्जर दोन मिनिटं लावून बघणं. फोनच्या २० वॉटच्या चार्जरने ही परीक्षा घेऊ नका. लॅपटॉपला बहुतेक वेळा २० व्होल्ट लागतात आणि ते छोटे चार्जर तिथवर जातच नाहीत. तो "नाही" म्हणाला म्हणून पोर्टाला दोष देऊन मोकळे व्हाल.

भाचीच्या लॅपटॉपचा पोर्ट डेटापुरताच निघाला. तिची रूममेट आपला दुसरा लॅपटॉप घरून मागवून घेणार होती, तो मात्र टाइप-सीवर चार्ज होणारा होता. त्या रूममेटला मी सांगितलं ते असं. ६५ वॉटचा दोन तोंडांचा पीडी चार्जर घ्यायचा, पण खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचायचं: दोन्ही तोंडं वापरली की ६५ चे तुकडे होतात, ४५ आणि २० असे. म्हणजे फोन लावला की लॅपटॉपचा वेग पडतो. हॉस्टेलवर रात्री आधी लॅपटॉप, मग फोन असं केलं की भागतं. आणि चार्जर कॉलेजात विसरला तर दोन्ही वस्तू एकदम उपाशी, हेही धरून चालायचं.

गोल पिनेचा चार्जर घेताना

जुन्या विटेच्या पोटावर बारीक अक्षरांत आउटपुटची ओळ असते. भाचीच्या विटेवर १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट: ६५. हा आकडा फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण दुकानात विटेची अक्षरं वाचता वाचता डोळे थकतात आणि दुकानदार "सगळे सारखेच असतात ओ" म्हणून हातात काहीतरी कोंबतो.

यात नियम सोपा आहे. व्होल्ट तेवढेच हवेत. अर्ध्या व्होल्टचा फरक चालतो, म्हणजे १९ च्या जागी १९.५ लागला तर लॅपटॉप तक्रार करत नाही. अँपिअर मात्र तेवढे किंवा जास्त. जास्त असल्याने काही जळत नाही, कारण लॅपटॉप आपल्याला लागेल तेवढंच ओढतो. कमी असेल तर वीट तापते, किंवा लॅपटॉप चालू असताना बॅटरी भरायची थांबते. म्हणून ४५ वॉटच्या लॅपटॉपला ६५ चा चार्जर चालतो, उलटं नको.

पिनेचा गोंधळ मोठा आहे. एसर आणि आसुसचे बरेच लॅपटॉप १९ व्होल्टचे, लेनोवोचे २० चे, एचपी-डेलचे बहुतेक १९.५ चे, पण एकाच कंपनीच्या पिनाही वेगवेगळ्या जाडीच्या. एचपीची निळी पिन आणि डेलची बारीक पिन तर एकमेकांत बसतातसुद्धा. बसली म्हणजे जमलं असं वाटतं, आणि मग डेल सुरू होताना म्हणतो `The AC power adapter wattage and type cannot be determined.` याचा अर्थ वीज येते आहे, पण ओळख पटली नाही. लॅपटॉप मग रांगत चालतो आणि बॅटरी भरत नाही. त्या मधल्या बारीक पिनेवरची भाषा दोन कंपन्यांची वेगळी आहे. म्हणून दुकानात जाताना लॅपटॉप सोबत न्या, आणि बॅटरी तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवून न्या, म्हणजे भरते की नाही ते समोरच दिसेल.

आता खोटा-खरा. नवा चार्जर हातात घेतला की लेबलवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह शोधा. त्याच्याजवळ IS ने सुरू होणारा नंबर आणि R- नंतर आठ अंक असतात. बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये आर नंबर तपासायची सोय आहे. तो टाकला की कुठल्या कंपनीच्या कुठल्या वस्तूसाठी दिलाय ते येतं. नंबर दुसऱ्याच वस्तूचा निघाला किंवा काहीच आलं नाही, तर दुकानदाराशी वाद घालू नका. वस्तू परत काउंटरवर ठेवा. नव्या पेठेतल्या गर्दीत दोन मिनिटं मोबाइल हातात घेऊन उभं राहणं अवघड वाटतं, पण ही दोन मिनिटं जुन्या चार्जरच्या नकली जुळ्या भावापासून वाचवतात.

दुकानदाराला मी लॅपटॉप लावून अर्धा तास चालवून बघायला सांगतो. बरेच जण तयार होतात, मधल्या वेळात चहा घेऊन या. परतल्यावर विटेला हात लावा. कोमट चालेल, तळहात ठेवता येईना असं नको. वास यायला नको, आणि कानाजवळ धरली तर सततची शिट्टी यायला नको. भाचीला पहिल्या दुकानात सातशे रुपयांची वीट दाखवली होती. आम्ही ती लावली, वीस मिनिटांत लेबलाच्या गोंदाचा वास यायला लागला, टक्का मात्र चारच वाढला होता. दुकानदार म्हणाला, "नवीन आहे ना, पहिल्यांदा वास येतोच." आम्ही उठलो. दुसऱ्या दुकानातली वीट हजार पन्नासची, मिकी माउस वायर सोबत, सहा महिन्यांच्या वॉरंटीची. तिने तेवढ्याच वेळात अकरा टक्के चढवले.

एक सोलापूरचं खास. एप्रिल-मे महिन्यात वरच्या मजल्याची खोली स्वतःच चाळिशी गाठते. त्यात वीट गादीवर, आणि गादीवर आपली जाड चादर, असा थर झाला की आतली उष्णता बाहेर जायला जागाच राहत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या विटांचं हे मोठं कारण आहे. वीट फरशीवर ठेवा.

फोनचा चार्जर

खोक्यावर लिहिलेल्या मोठ्या वॉटवर जाऊ नका. आधी फोन काय भाषा बोलतो ते बघा. काही फोन पीडी समजतात. सॅमसंगच्या २५ वॉटच्या जलद चार्जिंगला पीडीतलाच पीपीएस नावाचा प्रकार लागतो. चार्जरवर पीपीएस लिहिलेलं नसेल तर फोन चार्ज होतो, पण स्क्रीनवर `Super fast charging` येत नाही. काही कंपन्यांची, उदाहरणार्थ ओप्पो, वनप्लस, रिअलमीच्या अनेक फोनांची, स्वतःची पद्धत आहे. त्यांना पूर्ण वेग त्यांच्याच चार्जरवर आणि त्यांच्याच केबलवर मिळतो. साध्या पीडी चार्जरवर ते हळू चालतात.

माझं मत असं की तंग बजेटमध्ये फोनच्या वेगावर पैसे घालवू नयेत. हॉस्टेलवर फोन रात्री लावून झोपता ना? मग ६७ वॉटची गरज कुणाला? दोन तासांत भरला काय, पाऊण तासात भरला काय, सकाळी शंभरच. दिवसा दोन लेक्चरमध्ये वीस मिनिटं मिळतात आणि फोन दुपारीच मरतो असा ज्यांचा प्रकार आहे, त्यांनीच वेग विकत घ्यावा. भाचीच्या फोनला पीपीएस लागतो, म्हणून २५ वॉटचा एक घेतला, साडेसहाशेला. बीआयएसचा नंबर यालाही तसाच तपासला.

अगदी स्वस्त, फुटपाथवरच्या दीडशेच्या चार्जरची एक ओळख पटकन लागते. तो लावून फोन वापरा. बोट न लावता टच उडायला लागला, अक्षरं स्वतःहून टाइप झाली, किंवा फोनच्या धातूच्या कडेला बोट फिरवलं की बारीक झिणझिण्या आल्या, तर आतल्या भागांमध्ये भिंतीच्या विजेपासून जेवढं अंतर ठेवायला हवं तेवढं ठेवलेलं नाही, किंवा गाळण अपुरी आहे. झिणझिण्या बऱ्या चार्जरलाही कधी कधी येतात, पण टच उडायला लागला की तो चार्जर वापरू नका.

केबल: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवी

केबल बाहेरून बघून कळत नाही. आत तांबं किती बारीक आहे ते प्लॅस्टिकमध्ये लपलेलं असतं. तार बारीक असेल तर वाटेतच व्होल्ट गळतात. समजा केबलच्या जाण्या-येण्याच्या दोन तारांचा अडथळा मिळून पाव ओहम आहे. तीन अँपिअर गेले की पाऊण व्होल्ट वाटेत गेले. पाचपैकी पाऊण म्हणजे पंधरा टक्के. वीस व्होल्टला तीच गळती नगण्य, म्हणून लॅपटॉपवर ती दिसत नाही आणि फोनवर कळते. लांब केबल म्हणजे तेवढी जास्त गळती. प्लग खिडकीजवळ आणि कॉट दाराजवळ, म्हणून दोन मीटरची घेणाऱ्यांना माझा सल्ला: एक मीटरचीच घ्या आणि जवळ चांगला एक्स्टेन्शन बोर्ड ठेवा. तो लॅपटॉपलाही लागतोच.

सी-टू-सी केबलच्या दोन जाती आहेत. साधी तीन अँपिअरची, तिच्यातून ६० वॉटपर्यंत जातात. दुसरी पाच अँपिअरची, तिच्या टोकात एक चिप असते जी चार्जरला सांगते की मला पाच झेपतात. ६५ वॉटचा चार्जर २० व्होल्टला ३.२५ अँपिअर देतो, म्हणजे तीनच्या वर. म्हणून चिप नसलेली केबल लावली तर चार्जर साठावरच थांबतो. पाच वॉटने काही बिघडत नाही, पण रूममेटसारखं लॅपटॉपही चालवायचं असेल तर १०० वॉटचीच घ्या. नुसत्या फोनला साठवाली पुरते, आणि शंभर रुपयांच्या केबलवर छापलेल्या १२० वॉटवर विश्वास ठेवू नका.

पारखायची पद्धत घरगुती आहे. फोन चाळीस टक्क्यांवर असताना मित्राच्या चांगल्या केबलने पंधरा मिनिटं चार्ज करा, किती टक्के वाढला ते लिहा. पुन्हा तितक्याच टक्क्यांवर येऊ द्या, मग नवी केबल लावून तोच खेळ, चार्जर तोच. फरक एक-दोन टक्क्यांचा असेल तर ठीक. निम्मा असेल तर केबल परत करा. दुसरं, लॅपटॉपला जोडून फोनमधून एक फोटो हलवून बघा. काही केबलींत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. प्रोजेक्टचे फोटो हलवायच्या रात्री हे कळलं तर वाईट वाटतं. टोकाला वायर जिथे शिरते तिथे रबराची जाडसर कॉलर आहे का तेही बघा, केबल तिथेच तुटते. भाचीची साठ वॉटची केबल अडीचशेला बसली.

खरेदीचा दिवस

शक्यतो शनिवार-रविवार टाळा. गर्दीत तुम्हाला अर्धा तास लॅपटॉप लावून बसू देणार नाहीत. सकाळी अकराच्या आसपास दुकानं उघडून शांत असतात. भाव करा, पण आधी वस्तू तपासा. भाव ठरल्यावर तपासायला लाज वाटते. पक्कं बिल मागा. "बिल नको, शंभर कमी करतो" असं म्हटलं की मी उलट शंभर जास्त मोजायला तयार असतो, कारण बिलाशिवाय सहा महिन्यांची वॉरंटी म्हणजे हवेतली गोष्ट. बिलावर मॉडेल नंबर आणि वॉरंटीचा काळ लिहून घ्या. दुकानदाराने बदलून द्यायला साफ नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तिथे बिल लागतंच. ऑनलाइन घेत असाल तर विकणारा कोण आहे ते आधी बघा, आणि परत करायची मुदत किती दिवस आहे तेही. मुदतीच्या आतच वरच्या परीक्षा उरकून घ्या.

आमचा हिशेब: अडॅप्टर १,०५०, फोनचा चार्जर ६५०, केबल २५०. एकूण १,९५०. उरलेल्या पन्नास रुपयांत भाचीने कागदी पिशवी भरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली, आणि बिल माझ्या हातात दिलं. ते थर्मल कागदावरचं होतं, उन्हाळ्यात पर्समध्ये ठेवलं तर महिन्या-दोन महिन्यांत कोरं होईल. म्हणून तिथेच फोटो काढून तिला पाठवला, आणि मार्करने अडॅप्टरच्या पोटावर, लेबल सोडून, तारीख लिहिली.